फोन सारखा रिस्टार्ट होतोय आणि चार्जही होत नाही: दुरुस्तीला देण्याआधी कोणत्या क्रमाने काय करून बघावं

प्रश्न: काल रात्रीपासून माझा फोन सारखा बंद-चालू होतोय. कंपनीचा लोगो येतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून. चार्जरला लावला की कधी बॅटरीचं चिन्ह दिसतं, कधी काहीच नाही. फोटोंचा बॅकअप घेतलेला नाही. दुरुस्तीला पैसे घालण्याआधी घरी काय करून बघू, ज्याने आणखी नुकसान होणार नाही?

उत्तर: ही दोन लक्षणं मला वेगवेगळी वाटत नाहीत. फोन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद त्याच्यासाठी सगळ्यात जड असतात. प्रोसेसर पूर्ण जोरात चालतो, स्क्रीन उजळते, स्टोरेजमधून भराभर वाचन होतं. बॅटरी जवळजवळ रिकामी असेल आणि चार्जरकडून जेमतेम करंट येत असेल, तर फोन लोगोपर्यंत पोचतो, तिथे बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि फोन बंद पडतो. मग चार्जरमुळे थोडी ताकद जमली की पुन्हा तेच. बाहेरून बघणाऱ्याला हे हुबेहूब सॉफ्टवेअर बिघडल्यासारखं दिसतं. म्हणून आधी चार्जिंगचा छडा लावायचा आणि तो लागेपर्यंत सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. हा क्रम उलटा झाला की माणसं घाईने फॅक्टरी रीसेट करतात, फोटो कायमचे जातात आणि फोन तसाच राहतो, कारण दोष चार्जिंग पोर्टमध्ये असतो. तुमच्याकडे बॅकअप नाही, म्हणून तर हा क्रम जास्तच काटेकोर पाळा.

सुरुवातीला काहीही न दाबता फोन नीट बघा. कव्हर काढा आणि फोन सपाट टेबलावर पालथा, म्हणजे स्क्रीन खाली करून ठेवा. तो डगमगतो का? स्क्रीनची एखादी कड फ्रेमपासून वर उचलली गेली आहे का, मागचं झाकण मधोमध फुगलंय का? यातलं काही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा आणि खालचं काहीच करू नका. तो फोन चार्जरला लावायचा नाही, उचललेली स्क्रीन दाबून बसवायची नाही, उशीखाली किंवा गादीवर ठेवायचा नाही. आगीपासून लांब, कडक पृष्ठभागावर ठेवून बॅटरी बदलायला न्या. लिथियम बॅटरीचं आतलं आवरण फाटलं तर ती पेट घेऊ शकते, आणि फुगलेल्या बॅटरीवर दाब देणं हा ते फाटण्याचा सरळ रस्ता आहे. चार्जिंगला लावल्यावर फोन हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल किंवा गोडसर, रसायनासारखा वास येत असेल, तरी हाच नियम.

दुसरी थांबण्याची जागा म्हणजे पाणी. फोन नुकताच भिजला असेल किंवा स्क्रीनवर थेंबाचं चिन्ह अथवा पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना येत असेल, तर वायर काढा आणि शक्य असेल तर फोन बंद करा. पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा आणि हवा खेळती असेल अशा कोरड्या जागी ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. सूचना जात नसेल तर एक दिवस जाऊ द्या. तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण पोर्टमध्ये जातात. हेअर ड्रायर नको, कापसाची काडीही आत घालू नका. भिजल्यानंतरच रिस्टार्ट सुरू झालं असेल, तर मात्र घरी प्रयोग करत बसू नका. ओल्या सर्किटमधून वीज जात राहिली की गंज झपाट्याने वाढतो. अशा वेळी फोन बंद ठेवून लवकर नेणं, हाच तो वाचवण्याचा उत्तम मार्ग.

हे दोन्ही नसेल तर आता चार्जिंगकडे वळा.

ॲडॅप्टर, केबल आणि भिंतीतला सॉकेट या तिघांची एकेक करून अदलाबदल करा. एकदम तिन्ही बदलले तर दोष कुठे होता ते कळत नाही. आधी तुमचाच ॲडॅप्टर आणि केबल दुसऱ्या कुठल्या तरी चालू फोनला लावून बघा. तो व्यवस्थित चार्ज झाला तर तुमचा चार्जर निर्दोष आहे आणि तेवढी एक शंका मिटली. नाही झाला, तर केबल बदला, कारण तिघांत लवकर खराब होणारी तीच. पिनेजवळ, जिथे वायर सारखी वाकते, तिथे आतल्या तारा तुटतात आणि वरचं आवरण मात्र धड दिसतं. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवर या फोनची परीक्षा घेऊ नका. जुन्या पद्धतीचा यूएसबी पोर्ट साधारण अर्धा ॲम्पिअरच देतो. सारखा रिस्टार्ट होणारा फोन तेवढा तर सुरू होण्याच्या धडपडीतच खर्च करतो, आणि बॅटरी आहे तिथेच राहते.

चार्जर ठीक निघाला तर पुढचा संशयित पोर्ट. खिशात किंवा पर्समध्ये राहणाऱ्या फोनच्या पोर्टमध्ये कपड्याचे धागे जातात. प्रत्येक वेळी चार्जरची पिन ते आणखी आत ठासते आणि काही महिन्यांत तळाशी नमद्यासारखा घट्ट थर तयार होतो. हे ओळखणं सोपं आहे. पिन आत घातल्यावर ती शेवटी 'टक' करून बसली पाहिजे आणि तिचा धातूचा भाग जवळजवळ पूर्ण आत गेला पाहिजे. पिनेचा चमकता धातू फटीतून दिसत असेल, ती डुगडुगत असेल किंवा फोन उचलताच सुटून येत असेल, तर आत कचरा आहे असं धरून चाला. चार्जिंगचं चिन्ह 'कधी येतं, कधी नाही' हे तुमचं वर्णन याच्याशी चांगलं जुळतं.

साफ करण्यासाठी फोन बंद हवा. तो बंदच राहत नसेल तर काय करायचं ते पुढे रिकव्हरीच्या भागात सांगतो. आधी तो बंद करून घ्या आणि मग साफसफाईकडे या. लाकडी टूथपिक घ्या. तिचं टोक जाड वाटलं तर ब्लेडने तासून चपटं करा. टॉर्चच्या उजेडात पोर्ट बघा. टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना संपर्काच्या बारीक पट्ट्या असतात. त्या जिभेवर जोर द्यायचा नाही. ती तुटली तर पोर्टच बदलावा लागतो. टूथपिक जीभ आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या फटीत घाला, तळापर्यंत न्या आणि कचरा बाहेरच्या दिशेने ओढा. आत ढकलू नका. जुन्या आयफोनच्या लायटनिंग पोर्टमध्ये जीभ नसते, तिथे तळाचा कचरा ओढून काढणं सोपं जातं, पण संपर्काच्या पट्ट्या एका बाजूच्या भिंतीवर असतात, त्या खरवडू नका. सुई, टाचणी, सिम काढायची पिन यांना सक्त मनाई. धातूने दोन पट्ट्या जोडल्या गेल्या तर चार्जिंगचा चिप जळू शकतो, आणि साफसफाईने सुटणारं काम बोर्डाच्या दुरुस्तीवर जातं. तोंडाने फुंकर मारू नका, ओलावा आत जातो. सॅनिटायझर किंवा कुठलाही स्प्रे आत मारू नका.

साफ झाल्यावर पिन पुन्हा लावा. टाइप-सी असेल तर ती एकदा सरळ आणि एकदा उलटी करून बघा. एका बाजूने चार्ज होतोय आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर पिनेच्या किंवा पोर्टच्या एका बाजूचे संपर्क झिजले आहेत. दुसऱ्या केबलनेही तसंच घडलं तर दोष पोर्टचा. ही माहिती दुरुस्तीला देताना कामी येते, कारण पोर्ट बदलणं आणि बोर्ड दुरुस्त करणं यांच्या खर्चात मोठा फरक असतो.

तुमच्या फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर तुमच्या हातात एक फार चांगली चाचणी आहे. कुणाचा तरी पॅड मागून घ्या आणि फोन त्यावर ठेवा. पॅडवर चार्ज होतोय आणि वायरने होत नाही, याचा अर्थ बॅटरी चार्ज घेते आहे आणि दोष पोर्ट किंवा त्याच्या जोडणीत आहे. दोन्हीकडे शांतता असेल तर संशय बॅटरीकडे किंवा बोर्डाकडे जातो.

यानंतरची पायरी माणसं सर्रास गाळतात, आणि ती म्हणजे वाट बघणं. बॅटरी अगदी तळाला गेली की चार्जिंगचा चिप तिला एकदम पूर्ण करंट देत नाही. तिचा व्होल्टेज सुरक्षित पातळीवर येईपर्यंत तो थेंब-थेंब करंट सोडतो. त्या काळात स्क्रीन काळी राहते, चिन्ह येत नाही आणि फोन मेल्यासारखा वाटतो. चांगल्या चार्जरला लावून किमान अर्धा तास त्याला हात लावू नका. बरेच दिवस बंद पडलेला फोन असेल तर दोन-तीन तास द्या. पाच मिनिटांनी पॉवर बटण दाबून 'झाला का' बघितलं, तर जमलेली सगळी ताकद त्या एका प्रयत्नात जाते आणि तुम्ही पुन्हा शून्यावर येता. हे सगळं तुम्ही जागे आणि जवळ असताना करा. बिघडलेला फोन रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकतो. फोन ८० टक्क्यांवर थांबत असेल, किंवा उन्हात तापलेला असताना चार्ज होत नसेल, तर तो बिघाड नाही. बॅटरी जपण्यासाठी फोन स्वतःच तसं करतो. सावलीत थंड होऊ द्या, सेटिंगमधली मर्यादा बघा, बास.

समजा आता बॅटरीचं चिन्ह स्थिर दिसतंय आणि आकडा वाढतोय. बंद अवस्थेतच तो निदान ३०-४० टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. मग चार्जर लावलेलाच ठेवून फोन सुरू करा आणि तो नेमका कुठे पडतो ते घड्याळ समोर ठेवून बघा. सगळं निदान या एका निरीक्षणावर उभं आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर बोलतो.

कंपनीच्या स्थिर लोगोवरच, काही सेकंदांत पडत असेल, तर अँड्रॉइड अजून सुरूच झालेलं नाही. इथे बॅटरी, पॉवर बटण, बोर्ड किंवा सिस्टीमचा अगदी मुळाचा भाग यांच्यावर संशय येतो. लोगो पार होऊन हलणारं ॲनिमेशन सुरू होतं आणि तिथे तो अडकतो किंवा परत फिरतो, तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे आणि घोळ सॉफ्टवेअरचा आहे: अर्धवट अपडेट, भरलेलं स्टोरेज, बिघडलेलं ॲप. लॉक स्क्रीन येते आणि मग मिनिट-दोन मिनिटांत बंद पडतो, तर बहुतेक वेळा एखादं ॲप किंवा थकलेली बॅटरी. कॅमेरा उघडला, फ्लॅश लावला किंवा कॉल आला की पडतो, पण चार्जर लावलेला असताना पडत नाही, तर जवळजवळ नक्की बॅटरीच. ती एकदम मोठा करंट देऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा फोनला रीसेट करून काडीचा फायदा होत नाही.

आयफोनचा एक खास नमुना आहे. फोन पूर्ण सुरू होतो, वापरता येतो आणि दर तीन मिनिटांच्या आसपास न चुकता रिस्टार्ट होतो. इतकी ठरावीक वेळ म्हणजे आतला एखादा सेन्सर उत्तर देत नाही आणि सिस्टीम वाट बघून स्वतःला बंद करते. तो सेन्सर बऱ्याचदा चार्जिंग पोर्टला बोर्डाशी जोडणाऱ्या लवचीक पट्टीवर किंवा बॅटरीच्या जोडणीत असतो. मधल्या तीन मिनिटांत `Settings` > `Privacy & Security` > `Analytics & Improvements` > `Analytics Data` इथे जाऊन `panic-full` ने सुरू होणारी नोंद उघडा. त्यात `missing sensor` असे शब्द असतील तर त्या पानाचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. सॉफ्टवेअर परत टाकून हा दोष जात नाही, पण तो फोटो पाहून जाणकार दुरुस्तीवाला नेमका भाग शोधू शकतो.

पॉवर बटणाची शंका घरीच मिटवता येते. घट्ट किंवा वाकडं कव्हर बटण दाबून धरतं आणि फोनला वाटतं की तुम्हीच त्याला रिस्टार्ट करताय. कव्हर काढलेलंच आहे, आता बटण दहा-पंधरा वेळा दाबून सोडा. दर वेळी स्पष्ट 'टिक' जाणवली पाहिजे आणि बटण लगेच वर यायला हवं. रुतून बसत असेल तर कारण सापडलं. मेमरी कार्ड असेल तर तेही काढून ठेवा. खराब कार्ड वाचताना फोन अडकतो आणि ते काढणं हे एक सेकंदाचं काम आहे. सिमचा ट्रेही त्याच वेळी काढून बघा.

आता सक्तीचं रिस्टार्ट. याने डेटा जात नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, स्क्रीन काळी होऊन पुन्हा लोगो येईपर्यंत. याला दहा ते वीस सेकंद लागतात. काही फोनवर नुसतं पॉवर बटण तीस सेकंद धरावं लागतं. बटणं जास्त वेळ धरली गेली तर एखादा अनोळखी मेनू उघडेल. घाबरू नका, काही पुसलं गेलेलं नाही. आवाजाच्या बटणांनी `Start` किंवा `Reboot` निवडा आणि पॉवर दाबा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंदाचा लोगो येईपर्यंत धरून ठेवा.

इथे एक उदाहरण देतो, म्हणजे क्रमाचं महत्त्व लक्षात येईल. एका शिक्षिकेचा अँड्रॉइड फोन माझ्याकडे आला. आधी त्यांना 'मदरबोर्ड गेला' असं सांगण्यात आलं होतं. फोन चार्जरला लावला की १ टक्का दिसायचा, मग लोगो, मग अंधार. केबल नीट बसत नव्हती. पिनेचा धातू साधारण एक मिलिमीटर बाहेर दिसत होता. पोर्टमधून निळ्या धाग्यांचा दाबलेला तुकडा निघाला, पिन 'टक' करून बसली आणि चिन्ह स्थिर झालं. फोन बंद ठेवून तासभर चार्ज केला, आकडा तिशीच्या पुढे गेला. मग सुरू केला तर तो लोगोवर पडला नाही, ॲनिमेशनवर अडकला.

बाई निराश झाल्या, पण मला ती चांगली बातमी वाटली. पडायची जागा पुढे सरकली होती. म्हणजे वीजपुरवठ्याचा दोष गेला होता आणि त्याच्याआड लपलेला दुसरा आता दिसू लागला होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे स्वतः टाकलेली ॲप्स बंद ठेवून, फोन सुरू झाला. स्टोरेज बघितलं तर जवळपास पूर्ण भरलेलं, मोकळी जागा नावालाच. फोनला सुरू होताना तात्पुरत्या फाइली लिहायला जागा लागते. ती नसली की तो वळसे घालत राहतो. शिवाय चार्ज नसल्याने तो लिहिता-लिहिता कितीदा बंद पडला असेल, कोण जाणे. आधी सगळे फोटो संगणकावर उतरवले, मग मोठे व्हिडिओ काढून टाकले, शेवटचं टाकलेलं एक ॲप काढलं आणि फोन साध्या पद्धतीने सुरू झाला. तोच फोन आल्याआल्या रीसेट केला असता तर पोर्टमधला कचरा तसाच राहिला असता आणि फोटो मात्र गेले असते.

तर तुमचा फोनही ॲनिमेशनवर अडकत असेल तर पुढचा टप्पा सेफ मोडचा. फोन सुरू करा आणि लोगो दिसताच आवाज कमी करायचं बटण दाबून धरा, लॉक स्क्रीन येईपर्यंत सोडू नका. कोपऱ्यात `Safe mode` लिहिलेलं दिसेल. या अवस्थेत तुम्ही स्वतः टाकलेली ॲप्स चालत नाहीत, पण ती आणि तुमचा डेटा जागेवरच असतो. फोन इथे टिकला तर आधी फोटो, संपर्क, महत्त्वाची कागदपत्रं बाहेर काढा. दुरुस्तीचा विचार त्यानंतर. फोन पुन्हा कधी उघडेल याची खात्री नसते, त्यामुळे मिळालेली ही वेळ डेटासाठीच वापरायची.

सेफ मोडही येत नसेल तर रिकव्हरी, म्हणजे अँड्रॉइड सुरू न होताच उघडणारा दुरुस्तीचा मेनू. फोन बंद असताना पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरा. काही कंपन्यांच्या फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण धरून आधी एक मेनू येतो, तिथे `Recovery mode` निवडावं लागतं. सॅमसंगच्या नव्या फोनवर केबलने संगणकाला जोडलेलं असेल तरच ही युक्ती चालते. आडवा पडलेला रोबो आणि `No command` दिसलं तर पॉवर धरून ठेवून आवाज वाढवायचं बटण एकदा दाबा, मेनू उघडेल. बटणांनी वर-खाली जायचं, पॉवरने निवडायचं.

या मेनूत तुमच्या कामाच्या ओळी मोजक्या आहेत. `Reboot system now` आधी करून बघा. `Power off` असेल तर त्याचा उपयोग मोठा आहे: सारखा वळसे घालणारा फोन याने खरोखर बंद होतो, आणि मग पोर्ट साफ करता येतो किंवा तो शांतपणे चार्ज होतो. `Wipe cache partition` दिसत असेल तर ते सुरक्षित आहे, त्यात सिस्टीमच्या तात्पुरत्या फाइली जातात, तुमचे फोटो नाहीत. अनेक नव्या फोनमध्ये ही ओळच नसते, तेव्हा शोधत बसू नका. सॅमसंगवर `Repair apps` असेल तर तेही करता येतं. त्यानंतरचं पहिलं सुरू होणं संथ असतं, १५-२० मिनिटं द्या.

आणि याच मेनूत `Wipe data/factory reset` असते. तिला हात लावू नका. निवडताना बोट घसरलं तरी पुढे विचारणा होते, तिथे नकाराची ओळ निवडून बाहेर या. आजच्या फोनमधला डेटा कूटबद्ध असतो आणि रीसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो परत येत नाही, कुणी काहीही सांगितलं तरी. शिवाय असा रीसेट केलेला अँड्रॉइड फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो आठवत नसेल तर चालू झालेला फोनही वापरता येत नाही. बूटलोडर अनलॉक करण्याचा सल्ला मिळाला तर तोही मानू नका, त्यातही सगळं पुसलं जातं.

आयफोनवर याच टप्प्याला डेटा राखून सिस्टीम नव्याने टाकता येते. फोन केबलने संगणकाला जोडा, मॅकवर फाइंडर आणि विंडोजवर ॲपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्स उघडा. वरचाच बटणांचा क्रम करा, पण लोगो आल्यावरही बाजूचं बटण सोडू नका, केबल आणि संगणकाचं चित्र येईपर्यंत धरा. संगणक दोन पर्याय देईल: `Update` आणि `Restore`. `Update` निवडा. `Restore` सगळं पुसतं. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागले तर फोन त्या स्थितीतून बाहेर येतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांचा क्रम पुन्हा करा. `Update` अर्ध्यावर चूक दाखवून थांबलं तर पुन्हा पुन्हा रेटू नका आणि वैतागून `Restore` दाबू नका.

एवढं करून फोन लोगोवरच पडत असेल, किंवा दोन चांगले चार्जर, साफ पोर्ट आणि तीन तासांनंतरही चिन्ह येत नसेल, तर घरची हद्द संपली. आता फोन न्या, पण रिकाम्या हाताने नको. एका कागदावर लिहा: कुठल्या चार्जर आणि केबलने काय झालं, पिन घट्ट बसते का, वायरलेसवर काय झालं, फोन कुठे आणि किती सेकंदांनी पडतो, पडला-भिजला होता का, शेवटचं अपडेट कधी टाकलं. भिजला असेल तर ते लपवू नका, त्याने तपासाची दिशाच बदलते. पावतीवर 'डेटा हवा आहे, मला विचारल्याशिवाय रीसेट किंवा सॉफ्टवेअर टाकू नये' असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या कारागिराच्या हातात फोन गेला की हरवतं. आधी फक्त तपासणी आणि अंदाजी खर्च मागा, आणि विचारा की नवी बॅटरी किंवा पोर्ट तात्पुरता जोडून फोन सुरू होतो का ते दाखवाल का. बहुतेक कार्यशाळांत हे करता येतं, आणि कुठला भाग गेलाय ते तुमच्या डोळ्यांसमोर ठरतं. तात्पुरत्या जोडणीवर फोन सुरू झाला, तर पूर्ण दुरुस्तीला होकार देण्याआधी तिथेच बसून फोटो उतरवून घ्या.